फोटोचे वर्णन जमते, मग दुरुस्ती का नाही? एआयच्या ‘पाहण्या’मागचे गणित

घरातल्या जुन्या समूहफोटोचा मोबाइलने फोटो काढून तो एआय चॅटबॉटला दिला, तर काही सेकंदांत वर्णन येते. छायाचित्र कृष्णधवल आहे, लग्नातले असावे, माणसे तीन रांगांत आहेत, मागे वाड्याचे लाकडी खांब दिसतात, बऱ्याच पुरुषांच्या डोक्यावर फेटे आहेत. पण ‘दुसऱ्या रांगेतल्या आजोबांच्या गालावरून गेलेली घडीची रेघ काढून टाक’ असे सांगितले, की यातल्या अनेक प्रणाली ‘हे मला करता येत नाही’ असे उत्तर देतात. काही तर ‘रेघ काढली आहे’ असे बिनदिक्कत लिहितात, पण फोटो देतच नाहीत.

फेटा ओळखणाऱ्याला रेघ पुसता येऊ नये, हे विचित्र वाटते. माणसाच्या बाबतीत पाहणे अवघड आणि खोडणे सोपे असते. इथे कारण हुशारीत नाही, रचनेत आहे. फोटो आत नेण्याचा रस्ता आणि फोटो बाहेर आणण्याचा रस्ता हे दोन वेगळे रस्ते आहेत. अनेक प्रणालींमध्ये यातला दुसरा रस्ता बांधलेलाच नसतो.

फक्त ‘पाहणाऱ्या’ प्रणाली कोणत्या?

ओपनएआयने मार्च २०२३ मध्ये जीपीटी-४ जाहीर केले, तेव्हाच ते फोटो आणि मजकूर दोन्ही स्वीकारेल, पण उत्तर मजकुरातच देईल, असे सांगितले होते. मार्च २०२४ मध्ये आलेले अँथ्रॉपिकचे क्लॉड ३ याच प्रकारातले होते. फोटो दाखवा, प्रश्न विचारा, उत्तर वाचा, एवढाच त्याचा फोटोशी संबंध होता.

या कंपन्यांच्या मॉडेलची आतली रचना पूर्णपणे खुली नाही. मात्र ‘लाव्हा’ नावाच्या मॉडेलची आहे. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्च येथील संशोधकांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची १.५ ही आवृत्ती खुली केली. फोटो आत गेल्यावर काय होते, हे त्यात आकड्यांनिशी पाहता येते. म्हणून तो समूहफोटो लाव्हाला दिला, असे धरून चालू.

फोटो आत जाताना काय होते?

समजा, मोबाइलने काढलेला फोटो ४००० पिक्सेल रुंद आणि ३००० पिक्सेल उंच आहे, म्हणजे एकूण १ कोटी २० लाख पिक्सेल. लाव्हा १.५ मात्र ३३६ बाय ३३६ पिक्सेलचा चौरसच घेते. त्यामुळे आपला फोटो आधी सुमारे १२ पट लहान होतो आणि ३३६ बाय २५२ एवढा उरतो. वरची-खालची रिकामी जागा सपाट रंगाच्या पट्टीने भरली जाते. मूळच्या साधारण १४२ पिक्सेलचा मिळून आता एक पिक्सेल झालेला असतो.

यानंतर या चौरसाचे १४ बाय १४ पिक्सेलचे चौकोनी तुकडे पडतात. आडवे २४ आणि उभे २४, असे ५७६ तुकडे. मॉडेलच्या दृष्टीने फोटो म्हणजे हे ५७६ तुकडे, ओळीने मांडलेले.

आता आजोबांकडे येऊ. मूळ फोटोत त्यांचा चेहरा २०० पिक्सेल रुंद असेल, तर लहान झाल्यावर तो १७ पिक्सेलचा उरतो, म्हणजे जेमतेम एका तुकड्यापेक्षा थोडा मोठा. गालावरची रेघ मूळ फोटोत १० पिक्सेल जाड असेल, तर ती एका पिक्सेलपेक्षाही बारीक होते आणि आजूबाजूच्या करड्या रंगात मिसळून जाते. जी रेघ पुसायला सांगितली, ती मॉडेलपर्यंत नीट पोहोचलेलीच नसते. फोटोत माणसे २८ की ३१, हे अशा मॉडेलला मोजता न येण्याचे एक कारणही हेच.

अलीकडच्या मोठ्या प्रणाली फोटोचे आधी मोठे भाग करतात आणि प्रत्येक भाग वेगळा तपासतात. त्यांना रेघ दिसू शकते. तरीही त्यातल्या अनेकांना ती पुसता येत नाही. त्याचे कारण पुढच्या पायरीत आहे.

तुकड्यांचे आकडे होतात, मग त्यातून फोटो परत का मिळत नाही?

लाव्हाचा ‘डोळा’ म्हणजे ओपनएआयने जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘क्लिप’ हे मॉडेल. ते इंटरनेटवरच्या ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर शिकवले गेले. शिकवणी अशी होती, की चित्रांचा एक गठ्ठा आणि ओळींचा एक गठ्ठा समोर ठेवायचा आणि कोणती ओळ कोणत्या चित्राची, ते जुळवायचे. जुळले तर बरोबर, नाही तर आतले आकडे थोडे बदलून पुन्हा प्रयत्न.

या परीक्षेत पास होण्यासाठी काय लक्षात ठेवावे लागते? लग्न, फेटा, वाडा, मुले पुढे बसली आहेत, फोटो जुना आहे. फोटोखालच्या ओळीत लोक हेच लिहितात. डाव्या गालावर करड्या रंगाची नेमकी कोणती छटा आहे, हे कोणी लिहीत नाही. त्यामुळे ती छटा जशीच्या तशी जपण्याची सक्ती क्लिपवर कधी झालीच नाही.

इथे एक गैरसमज होण्याची शक्यता आहे. क्लिप फोटोचे आकडे कमी करते म्हणून फोटो परत मिळत नाही, असे नाही. १४ बाय १४ च्या तुकड्यात १९६ पिक्सेल असतात आणि प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा असे ३ आकडे, म्हणजे एकूण ५८८. क्लिप त्या जागी १०२४ आकडे तयार करते. आकडे उलट वाढतात, बदलतो तो त्यांचा अर्थ. आधीचे आकडे ‘या ठिकाणी किती उजेड आहे’ हे सांगत होते, नंतरचे आकडे ‘इथे काय आहे आणि ते आजूबाजूच्या कशाशी जोडलेले आहे’ हे सांगतात.

पंचनाम्याचे उदाहरण घेता येईल. घटनास्थळाचा पंचनामा कितीही पाने लांबला, तरी त्यावरून तीच खोली जशीच्या तशी उभी करता येत नाही. टेबल होते, त्यावर पेला होता, खिडकी उघडी होती, एवढे कळते. टेबलावरचा ओरखडा पंचांनी लिहिला नसेल, तर तो गेला.

याचा पुरावाही आहे. ओपनएआयच्या एप्रिल २०२२ मधल्या डॅल-ई २ या प्रणालीत, क्लिपने काढलेल्या चित्राच्या सारावरून पुन्हा चित्र तयार करण्याची सोय होती. निघणारी चित्रे मूळ चित्राच्या जवळची असत. विषय तोच, शैली तीच, पण तपशील दर वेळी वेगळा. म्हणून त्या सुविधेचे नावच ‘व्हेरिएशन्स’ होते. आजोबांचा फोटो त्यातून काढला असता, तर फेटा बांधलेले एक वयस्कर गृहस्थ मिळाले असते. ते आजोबाच असतील, याची खात्री नसती.

उत्तर शब्दांतच का येते?

क्लिपच्या आकड्यांचे रूप बदलून ते भाषा मॉडेलला दिले जातात. लाव्हामध्ये हे काम ‘विकुना’ नावाचे मॉडेल करते. त्याच्यासाठी ते ५७६ तुकडे म्हणजे प्रश्नाच्या आधी आलेले ५७६ शब्दच जणू. ते वाचून ते उत्तर लिहू लागते.

लिहिते कसे, हे इथे कळीचे आहे. विकुनाकडे ३२,००० टोकनची एक ठरलेली यादी आहे. टोकन म्हणजे शब्द, शब्दाचा तुकडा, अक्षर किंवा चिन्ह. प्रत्येक पावलाला मॉडेल या यादीतून एकच टोकन निवडते, ते लिहिते आणि पुढच्याकडे वळते. या यादीत ‘फेटा’ लिहिण्याची सोय आहे, ‘गालाचा करडा रंग’ असे शब्द लिहिण्याचीही आहे. पण चित्राचा तुकडा म्हणता येईल, असे एकही टोकन नाही. आत येताना चित्रासाठी वेगळे दार होते, बाहेर जाताना तसे दार नाही.

मग प्रत्येक पिक्सेलचा आकडा मजकूर म्हणूनच लिहिला तर? हिशोब करून पाहू. ३३६ बाय ३३६ एवढ्या लहान चित्रालाही ३,३८,६८८ आकडे लागतात. लाव्हा १.५ एका वेळी प्रश्न, फोटो आणि उत्तर मिळून ४,०९६ टोकन सांभाळू शकते. एक आकडा एका टोकनात मावला असे धरले, तरी ८० पटींहून जास्त जागा लागेल. शिवाय असे आकडे लिहायला ते शिकलेलेच नाही.

‘रेघ काढली आहे’ हे खोटे उत्तरही इथूनच येते. भाषा मॉडेल अशा असंख्य संवादांवर शिकलेले असते, ज्यात एकाने काही करायला सांगितले आणि दुसऱ्याने ‘केले आहे’ असे उत्तर दिले. विनंतीनंतर हे वाक्य येण्याची शक्यता जास्त, म्हणून ते येते. कृती झाली की नाही, याची नोंद ठेवणारी यंत्रणा मागे असेलच असे नाही.

एक पळवाट मात्र आहे. काही चित्रे मुळात मजकूरच असतात. उदाहरणार्थ, एसव्हीजी या प्रकारात वर्तुळ काढायचे, तर अशी ओळ लिहितात :

```
<circle cx="50" cy="50" r="40"/>
```

फक्त मजकूर लिहिणारे मॉडेल ही ओळ लिहू शकते आणि ब्राउझर तिचे वर्तुळ करून दाखवतो. म्हणूनच अशा प्रणाली साधा लोगो, आलेख किंवा नकाशाची आकृती देऊ शकतात. सोबत प्रोग्रॅम चालवण्याची सोय असेल, तर फोटो फिरवणे, कापणे, उजळ करणेही होते, कारण ‘फोटो ९० अंशांनी फिरवा’ ही सूचना मजकुरात मावते. गालाचा पोत सूचनेत मावत नाही.

चित्र काढणाऱ्या प्रणाली वेगळे काय करतात?

ऑगस्ट २०२२ मध्ये खुले झालेले ‘स्टेबल डिफ्युजन’ हे याचे सर्वांत तपासता येण्याजोगे उदाहरण. त्यातही चित्राचे आकडे होतात, पण शिकवणी वेगळी आहे. ५१२ बाय ५१२ पिक्सेलच्या चित्राची घडी घालून ते ६४ बाय ६४ चौकटींत बसवले जाते, प्रत्येक चौकटीत ४ आकडे. या भागाची परीक्षा एकच : घडी पुन्हा उलगड आणि मूळ चित्राच्या शक्य तितके जवळ जा. क्लिपला ओळ जुळवायची होती, याला चित्र परत करायचे आहे. म्हणूनच यात बाहेर येण्याचा रस्ता आहे.

नवे चित्र तयार करताना या चौकटींत सुरुवातीला निव्वळ गोंधळ भरलेला असतो, सिग्नल गेलेल्या जुन्या टीव्हीवरच्या मुंग्यांसारखा. दिलेल्या वर्णनाकडे पाहत मॉडेल टप्प्याटप्प्याने तो गोंधळ कमी करते आणि शेवटी घडी उलगडून चित्र दाखवते.

फोटोत बदल करताना फक्त हव्या त्या भागावर खूण केली जाते. आपल्या उदाहरणात, गालावरच्या रेघेवर. तेवढ्याच चौकटींत गोंधळ भरला जातो आणि आजूबाजूला जुळेल असा गाल तयार होतो. हा ‘जुळेल असा’ गाल आहे, मूळचा नाही. घडी पडून जिथली शाई उडाली, तिथली माहिती फोटोतच उरलेली नसते. ती कोणतीही प्रणाली परत आणू शकत नाही. ती फक्त अंदाज करते.

यात आणखी एक अडचण आहे. मूळच्या ८ बाय ८ पिक्सेलमधले १९२ आकडे घडीत फक्त ४ होतात. ४००० पिक्सेल रुंद समूहफोटो ५१२ वर आणला, तर आजोबांचा चेहरा २६ पिक्सेलचा, म्हणजे आडव्या जेमतेम ३ चौकटींचा उरतो. तेवढ्यातून चेहरा नीट उलगडत नाही. डोळे वाकडे होतात, मिशी पुसट होते. खूण न केलेले शेजारचे लहान चेहरेही बदलू शकतात, कारण त्यांचीही घडी घातली जाते. म्हणून जाणकार संपूर्ण फोटो देत नाहीत. चेहऱ्याभोवतीचा ५१२ पिक्सेलचा भाग कापतात, तेवढाच दुरुस्त करतात आणि बदललेला तुकडाच मूळ फोटोवर बसवतात.

मग काही अ‍ॅपमध्ये दोन्ही कसे होते?

दोन पद्धती आहेत. पहिलीत दोन मॉडेल एकत्र काम करतात. ऑक्टोबर २०२३ पासून चॅटजीपीटीमध्ये डॅल-ई ३ जोडले गेले, तेव्हा भाषा मॉडेल चित्राचे वर्णन लिहून दुसऱ्या मॉडेलकडे पाठवत असे आणि ते चित्र काढत असे. दोघांमध्ये चिठ्ठी जायची, ती शब्दांची. त्यामुळे वापरणाऱ्याने स्वतःचा फोटो देऊन त्यात बदल मागितला, तर पोशाख आणि पार्श्वभूमी साधारण तीच, पण माणूस भलताच, असे होत असे. ती दुरुस्ती नव्हती, वर्णनावरून काढलेले नवे चित्र होते.

दुसऱ्या पद्धतीत चित्रेही मॉडेलच्या यादीत घातली जातात. मेटाने मे २०२४ मध्ये मांडलेल्या ‘कमिलियन’ या मॉडेलच्या यादीत शब्दांबरोबर ८,१९२ चित्र-टोकन होती. ५१२ बाय ५१२ चे चित्र म्हणजे अशा १,०२४ टोकनची ओळ. ती वाचताही येते आणि लिहिताही. ओपनएआयने मार्च २०२५ मध्ये जीपीटी-४ओ मध्येच चित्रनिर्मिती आणली आणि गूगलचे ‘नॅनो बनाना’ या नावाने गाजलेले मॉडेल ऑगस्ट २०२५ मध्ये आले. सप्टेंबरमध्ये भारतात साडीतल्या फोटोंची जी लाट आली, ती याच मॉडेलवर. यात चेहरा बराच टिकतो, कारण मधली शब्दांची चिठ्ठी गेली. तरी संपूर्ण चित्र नव्याने तयार होत असल्याने बारीक फरक राहू शकतात.

क्षमता असूनही बंद का ठेवली जाते?

कमिलियनचेच उदाहरण बोलके आहे. मेटाने जून २०२४ मध्ये ते संशोधकांसाठी खुले केले, पण चित्र काढण्याची क्षमता वगळून. फोटो आणि मजकूर आत, मजकूर बाहेर. ज्याच्या रचनेत दुसरा रस्ता होता, त्याचाही तो रस्ता जोखमीचे कारण देऊन बंद करण्यात आला. गूगलनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये जेमिनीमधली माणसांची चित्रे काढण्याची सोय थांबवली होती, कारण ऐतिहासिक व्यक्तींची चित्रे चुकीची येत होती. वर्णन चुकले तर ते फोटोशेजारी ठेवून तपासता येते. खोटा फोटो मात्र एकटाच पुढे फिरतो.

खर्चाचाही प्रश्न आहे. लाव्हा १.५ ला डोळा जोडण्याचे प्रशिक्षण ८ ए-१०० चिपवर साधारण एका दिवसात झाले, म्हणजे सुमारे २०० चिप-तास. क्लिप आणि विकुना आधीच तयार होते, म्हणून ते इतके स्वस्त पडले. स्टेबल डिफ्युजनच्या पहिल्या आवृत्तीसाठी तिच्या निर्मात्यांनी तशाच चिपचे १,५०,००० तास नोंदवले आहेत. तयार मॉडेलला पाहायला शिकवणे त्यामानाने सोपे असते. चित्र काढायला शिकवणे हा वेगळाच प्रकल्प असतो.

दुरुस्त झाला की नवा काढला, कसे ओळखायचे?

पहिली खूण म्हणजे आकार. ४००० बाय ३००० चा फोटो दिला आणि परत १०२४ बाय १०२४ चा आला, तर तो नव्याने तयार झालेला असण्याची शक्यता मोठी. मोबाइलच्या गॅलरीत फोटोच्या ‘तपशील’मध्ये हा आकडा दिसतो.

दुसरी खूण म्हणजे न सांगितलेल्या गोष्टी. बदल गालावर मागितला होता, तेव्हा खिडकीचे गज, कोटाची बटणे, पाटीवरची अक्षरे, मागच्या रांगेतल्या माणसांची संख्या तीच राहायला हवी. दोन्ही फोटो शेजारी ठेवून हे मोजावे. देवनागरी अक्षरे बिघडली असतील, तर पाटी पुन्हा ‘काढली’ गेली आहे, हे नक्की.

तिसरी खूण म्हणजे उत्तर आले, पण फोटो आला नाही किंवा दिलेली लिंक उघडत नाही. अशा वेळी तीच विनंती पुन्हा पुन्हा करून उपयोग नसतो. ती प्रणाली फक्त लिहिणारी आहे, तिला वाचायला द्यावे आणि फोटोसाठी दुसरे साधन वापरावे.

घरातल्या एकुलत्या एका जुन्या फोटोच्या बाबतीत क्रम ठरवून घेणे बरे. आधी तो स्कॅनरवर स्कॅन करावा आणि ती फाइल न बदलता वेगळी ठेवावी. दुरुस्ती तिच्या प्रतीवर करावी आणि प्रतीच्या नावात ‘दुरुस्त’ हा शब्द आणि वर्ष घालावे. आणखी २० वर्षांनी नातवंडांच्या हाती दोन्ही फाइल लागतील, तेव्हा आजोबांचा गाल कोणत्या फोटोत कॅमेऱ्याने टिपला आणि कोणत्या फोटोत अंदाजाने भरला, हे नुसते पाहून सांगणे कठीण जाईल.